इमारतीचं दार फोनवर शोधताना: स्ट्रीट व्ह्यू कसा वाचायचा आणि तो किती जुना आहे हे कसं ओळखायचं

पत्ता माणसाला रस्त्यापर्यंत आणून सोडतो. गेट मुख्य रस्त्यावर आहे की शेजारच्या गल्लीत, रिक्षा आतपर्यंत जाते का, लिफ्टच्या आधी पायऱ्या आहेत का, यातलं काहीच पत्त्यात नसतं. एकट्याने जायचं असेल तर बिघडत नाही, पाच मिनिटं इकडेतिकडे फिरून दार सापडतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना घेऊन जायचं असेल, किंवा टेम्पोत सामान भरून नव्या भाड्याच्या घरी निघालेले असाल, तर चुकीच्या बाजूला उतरणं महागात पडतं. अशा वेळी निघण्याआधी गुगल मॅप्सवर रस्त्यावरून काढलेले फोटो, म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, बघून घेता येतात.

भारतात ही सोय तशी उशिरा आली. अमेरिकेत ती 2007 साली सुरू झाली. आपल्याकडे 2011 मध्ये बंगळुरूत सुरुवात झाली होती, पण पोलिसांच्या आक्षेपामुळे काम थांबलं. पुढे 2021 मध्ये नकाशे आणि भूमाहितीचे नियम बदलले. रस्त्यावर फिरून फोटो काढायचं काम भारतीय कंपन्यांनीच करायचं आणि परदेशी कंपन्यांनी ते त्यांच्याकडून घ्यायचं, अशी सोय झाली. त्यानुसार जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा यांच्यासोबत 27 जुलै 2022 ला दहा शहरांचं स्ट्रीट व्ह्यू जाहीर झालं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही आपली चार शहरं होती. हा इतिहास लक्षात ठेवण्यात फायदा आहे. आपल्याकडचे बरेच फोटो या पहिल्या फेरीतले असू शकतात, आणि तसे असतील तर ते जुलै 2022 च्या आधी काढलेले आहेत. पुण्या-मुंबईत तेवढ्या काळात काय काय पाडलं गेलं आणि काय काय उभं राहिलं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

उदाहरणासाठी एक इमारत घेऊ. पुण्यात पौड रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांच्या कडेला, तळमजल्यावर दुकानं आणि वर दवाखाने असलेली चार मजली जुनी इमारत. नाव सांगत नाही, पण अशा इमारती त्या रस्त्यावर रांगेने आहेत. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर आहेत आणि सोबत काठी घेऊन चालणारी मावशी आहे.

आधी पिन तपासा

दवाखान्याचं नाव टाकलं की नकाशावर लाल पिन पडते. ती दारावरच पडेल असं नाही. बऱ्याचदा ती इमारतीच्या मध्यावर असते, किंवा ज्याने ती जागा नोंदवली त्याने बोट ठेवलं तिथे असते. त्या पिनखाली स्ट्रीट व्ह्यूचा छोटा चौकोनी फोटो दिसतो. तो दाबला की बहुतेक वेळा पिनच्या जवळात जवळ असलेला फोटो उघडतो. इमारतीला पुढे रस्ता आणि मागे बोळ असेल तर हा फोटो मागच्या बोळातला असू शकतो, आणि आपण मागची भिंत बघून "इथे दारच दिसत नाही" म्हणत बसतो.

म्हणून त्या छोट्या फोटोवर अवलंबून राहू नका. फोनवर नकाशाच्या कोपऱ्यातल्या लेयर्सच्या बटणातून `Street View` निवडा. कॉम्प्युटरवर उजवीकडे खाली असलेला पिवळा माणूस उचलून नकाशावर धरा. फोटो असलेले रस्ते निळ्या रेघांनी दिसायला लागतील. सलग रेघ म्हणजे गाडीने फिरून काढलेली मालिका. सुटे निळे ठिपके म्हणजे कुणीतरी एका जागी उभं राहून काढलेला गोल फोटो. तो दुकानाच्या आतलाही असू शकतो. दार शोधायला रेघच कामाची.

आता आपला पौड रस्ता. तो दुभागलेला आहे आणि मधोमध मेट्रोचे खांब आहेत. अशा रस्त्यावर साधारणपणे दोन रेघा असतात, जाणाऱ्या आणि येणाऱ्या बाजूची वेगवेगळी. आपल्या इमारतीला लागून असलेल्या रेघेवर उतरायचं. पलीकडच्या रेघेवरून बघितलं तर मधे खांब येतो, दुभाजकाची झाडं येतात, आणि इमारतीचा नेमका हवा असलेला भाग झाकला जातो. नवखी मंडळी इथेच कंटाळून सोडून देतात. फोटो वाईट नसतो, फक्त आपण चुकीच्या बाजूला उभे असतो.

उतरल्यावर दिशा हरवते, त्यावर एक सोपा उपाय आहे. कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या पत्त्यात असं काहीतरी दिसतं:

```
@18.5076,73.8077,3a,75y,210h,90t
```

यातले पहिले दोन आकडे जागेचे. `h` च्या आधीचा आकडा म्हणजे तुम्ही कुठे बघताय: 0 उत्तर, 90 पूर्व, 180 दक्षिण, 270 पश्चिम. इथे 210 आहे, म्हणजे नजर दक्षिणेकडे, थोडी पश्चिमेला झुकलेली. त्यामुळे समोर दिसणारी इमारत रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहे. रिक्षावाल्याला "आधी यू-टर्न घ्यावा लागेल का" हे सांगायला एवढं पुरतं.

तारीख वाचा, आणि ती खरी तारीख आहे ना ते बघा

पडद्यावर दोन तारखा असतात आणि भलतीच वाचली जाते. खाली कोपऱ्यात चालू वर्षासह `© Google` असं लिहिलेलं दिसतं. ते कॉपीराइटचं वर्ष आहे, फोटोचं नाही. फोटो कधी काढला ते `Image capture` च्या पुढे महिना आणि वर्ष या रूपात असतं. कॉम्प्युटरवर डावीकडे वरच्या पट्टीतही तोच महिना दिसतो. फोनवर तो दिसत नसेल तर फोटोवर एकदा टिचकी मारा.

त्याच्याजवळ `See more dates` दिसलं तर त्या जागेचे वेगवेगळ्या वेळचे फोटो उपलब्ध आहेत. ते उघडून सर्वांत नवा बघाच, पण जुनाही बघा. दोन्हींत गेट एकाच जागी असेल तर तुमचा विश्वास वाढायला हरकत नाही. नव्यात जिथे गेट आहे तिथे जुन्यात भिंत असेल, तर त्या इमारतीत बदल करायची सवय आहे असं समजा. काही ठिकाणी एकच तारीख असते आणि हा पर्याय दिसत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट ही की तारीख जागेपुरतीच असते. मुख्य रस्त्यावर तुम्ही समजा 2024 चा फोटो बघताय. बाण दाबत कोपऱ्यावरून गल्लीत वळलात की तारीख गुपचूप 2022 ची होते, कारण गाडी दुसऱ्या वेळी गल्लीत शिरलीच नव्हती. आकाशाचा रंग बदलतो, सावल्या उलट पडतात, कोपऱ्यावरची टपरी एका पावलात गायब होते. असा झटका जाणवला की तारीख परत वाचायची. आपल्या उदाहरणात नेमकं हेच होतं: दुकानांच्या पाट्या नव्या फोटोत, पण ज्या गल्लीत दार आहे ती जुन्या फोटोत.

बाहेरगावी असलेल्यांसाठी एक जाता जाता. जर्मनीत 2010 मध्ये वीस शहरांचं स्ट्रीट व्ह्यू आलं, त्यावर मोठा वाद झाला, आणि नवे फोटो थेट 2023 मध्ये आले. मधली सगळी वर्षं बर्लिन-म्युनिकमध्ये खोली शोधणारी आपली मुलं 2008-09 च्या सुमारास काढलेले रस्ते बघत होती. शिवाय तिथे दोन लाख चाळीस हजारांहून अधिक घरांनी आपली इमारत धूसर करून घेतली होती. त्यामुळे नेमकी आपल्याला हवी ती इमारत धुक्यात, असंही व्हायचं. आपल्याकडेही चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप धूसर होतात, आणि त्या यंत्रणेच्या तडाख्यात कधीकधी घराची पाटीही सापडते. आणि बर्लिनच्या जुन्या वस्त्यांत पुढच्या इमारतीमागे अंगण आणि अंगणापलीकडे दुसरी इमारत असते. रस्त्यावरच्या फोटोत ती मागची इमारत कधीच दिसत नाही.

दार कसं ओळखायचं

तळमजल्यावर दुकानं असलेल्या इमारतीचं सर्वांत ठळक दिसणारं दार हे सहसा दुकानाचंच असतं. वर जाण्याचा रस्ता एखाद्या अरुंद बोळातून, दोन दुकानांच्या मधून किंवा बाजूच्या गल्लीतून असतो. तेव्हा दार शोधू नका, आधी जिना शोधा. नजर वर न्या. जुन्या इमारतींत जिन्याच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर खिडकीऐवजी सिमेंटची जाळी किंवा काचेची उभी पट्टी असते, आणि ती मजल्यांच्या पातळीपेक्षा अर्धा मजला वर-खाली असते, कारण ती जिन्याच्या मधल्या वळणावर असते. गच्चीवर त्या पट्टीच्याच डोक्यावर एक छोटी खोली दिसते: जिन्याचं डोकं किंवा लिफ्टचं यंत्रघर. ती जिथे आहे, तिथून सरळ खाली या. दार त्याच्या पायथ्याशी किंवा अगदी जवळ असतं.

आपल्या इमारतीत ही जाळी मुख्य रस्त्याच्या बाजूला नाही. गल्लीच्या बाजूला आहे, पुढच्या कोपऱ्यापासून तीन खिडक्या सोडून. म्हणजे पत्त्यात "पौड रस्ता" असलं तरी पाऊल गल्लीतून आत पडतं. गल्लीत उतरून बघितलं की खालच्या खुणा दिसतात: विजेच्या मीटरची पेटी, टपालपेट्यांची रांग, वॉचमनची खुर्ची, डॉक्टरांच्या नावांची एकाखाली एक लावलेली पाटी. यातली टपालपेट्यांची रांग मला सर्वांत भरवशाची वाटते. दुकानं बदलतात, रंग बदलतो, पण टपालपेट्या सहसा प्रवेशाजवळच राहतात.

पायऱ्या मोजताना सावध राहा. कॅमेरा गाडीच्या टपावर असतो, उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा बराच वर. वरून बघितलं की पायऱ्या चपट्या दिसतात आणि कंपाउंडची भिंत बुटकी दिसते. जपानमध्ये याच कारणावरून लोकांनी तक्रारी केल्या होत्या, की कॅमेरा कुंपणावरून घरात डोकावतो. 2009 मध्ये तिथे कॅमेरा 40 सेंटिमीटर खाली आणून पुन्हा फोटो काढावे लागले. शिवाय फोटो रुंद कोनाचा असल्यामुळे गल्ली आहे त्यापेक्षा रुंद वाटते. गल्लीची खरी रुंदी हवी असेल तर तिथे उभी असलेली एखादी गाडी शोधा. छोटी मोटार साधारण पावणेदोन मीटर रुंद असते. तिच्या शेजारून रिक्षा जाईल का, हे त्या मापाने ठरवा.

काळ्या कठड्याचा उतार दिसला म्हणून व्हीलचेअर चढेल असंही नाही. ढकलता येण्याजोग्या उताराचं प्रमाण 1 ला 12 असतं. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर उंची, तिला 5.4 मीटर लांब उतार लागतो. फोटोतला उतार जर एका स्कूटरच्या लांबीएवढाच दिसत असेल, तर तो गाडी चढवायला केलेला आहे, माणसासाठी नाही.

फोटोतून वय काढणं

तारीख दिसते मग वय कशाला काढायचं? कारण तारखेनंतर काय बदललं ते तारीख सांगत नाही. शिवाय कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवला असेल तर त्यात तारीख कापलेलीच असते. घर भाड्याने देणारे एजंट असेच फोटो पाठवतात. तेव्हा आजूबाजूच्या खुणा वाचायला लागतात.

पुण्यात यासाठी मेट्रो आणि पूल हाताशी आहेत. वनाज ते गरवारे कॉलेज हा मेट्रोचा टप्पा 6 मार्च 2022 ला सुरू झाला, आणि 1 ऑगस्ट 2023 ला तो पुढे रुबी हॉलपर्यंत गेला. पौड रस्त्यावरच्या फोटोत स्टेशनचा जिना पत्र्यांनी बंद दिसत असेल आणि लोक ये-जा करत नसतील, तर फोटो स्टेशन सुरू होण्याआधीचा असण्याची शक्यता जास्त. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोटाने पाडला आणि नवं बांधकाम 12 ऑगस्ट 2023 ला खुलं झालं. फोटोत जुना पूल दिसला तर तिथले रस्ते, वळणं, बस थांबे यातलं काहीही आजचं समजू नका. विद्यापीठ चौकातला जुना पूल जुलै 2020 मध्येच गेला. मुंबईत अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला. त्याच्या आधीच्या फोटोत वाहतूक सुरळीत चाललेली दिसेल, मधल्या काळातल्या फोटोत पत्रे.

दुकानांच्या पाट्याही बोलतात. मार्च 2022 मध्ये राज्याने कायद्यात बदल करून मराठी पाट्या सक्तीच्या केल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दिलेली मुदत 25 नोव्हेंबर 2023 ला संपली. त्याच्या आगेमागे पुण्या-मुंबईत बऱ्याच पाट्या बदलल्या. एखाद्या बाजारपेठेत सलग सगळ्या पाट्या फक्त इंग्रजीत दिसत असतील तर फोटो त्याआधीचा असावा. हा पुरावा कच्चा आहे, कारण न बदलणारेही होतेच. पण शंभर पावलांत एकही देवनागरी पाटी नसेल तर बऱ्यापैकी पक्का. तोंडावर मास्क लावलेले लोक, 5जी ची जाहिरात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची तारीख या आणखी खुणा. फ्लेक्सवरचे चेहरे धूसर होतात, तारीख बहुतेक वेळा राहते. पुढाऱ्यांचे वाढदिवस एरवी कुणाच्या उपयोगाचे नसतात, इथे असतात.

एकदा वय कळलं की फोटोतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा नियम लावायचा. इमारत रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, कोपऱ्यावर आहे की मधे, जिना कुठल्या अंगाला आहे, हे चार वर्षांच्या जुन्या फोटोतूनही घ्यायला हरकत नाही, इमारत उभी असेपर्यंत ते बदलत नाही. गेटची जागा आणि कंपाउंड साधारण वर्षभर धरा. सोसायटीने पार्किंगसाठी एक गेट बंद करून दुसरं उघडणं ही नेहमीची गोष्ट आहे. "कोपऱ्यावरच्या अमुक दुकानाशेजारी" ही खूण सहा महिन्यांपेक्षा जुन्या फोटोवरून कुणाला सांगू नका. आणि समोर गाडी लावायला मोकळी जागा दिसते, यावर अजिबात विसंबू नका. तो एका दिवसाचा एक क्षण आहे, कदाचित रविवार सकाळचा.

रस्त्याची पातळी ही एक वेगळी भानगड. मुंबईत गेल्या काही वर्षांत काँक्रिटीकरणाचं काम मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. काँक्रीट पडल्यावर रस्ता वर आला की फोटोत दोन पायऱ्या चढून दिसणारं दार प्रत्यक्षात रस्त्याच्या पातळीला, कधी चक्क खाली असतं. पायऱ्या कमी झाल्या म्हणून बरं वाटेल, पण पावसाळ्यात तिथे पाणी साचलेलं असतं.

इमारत अजून आहे का

हा प्रश्न पुण्या-मुंबईत चेष्टेचा नाही. पुनर्विकासाला गेलेली सोसायटी स्ट्रीट व्ह्यूमध्ये अजून नांदत असते, बाल्कनीत कपडे वाळत असतात. तपासायला उपग्रहाचा फोटो बघा. तो पुष्कळदा रस्त्यावरच्या फोटोपेक्षा नवा असतो, कारण त्यासाठी गाडी फिरवावी लागत नाही. गुगल अर्थमध्ये त्याची तारीख खाली दिसते आणि जुने फोटोही मागे-पुढे करता येतात. छप्पर, गच्चीवरच्या टाक्या आणि इमारतीचा आकार स्ट्रीट व्ह्यूशी जुळतो का एवढंच बघायचं. जिथे गच्ची होती तिथे तांबडी माती किंवा निळे पत्रे दिसले, तर कुणालातरी फोन केल्याशिवाय निघू नका.

नवी इमारत उभी राहिलेली असेल आणि फोटो जुन्या इमारतीचा असेल तर दार सगळ्यात अनिश्चित. पुनर्विकासात प्रवेशाची बाजू बदलू शकते. मुख्य रस्त्यावर दुकानं येतात आणि राहणाऱ्यांचं गेट बाजूला सरकतं. अशा वेळी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. तिथे भूखंडाच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं, आणि मंजूर नकाशा जोडलेला असेल तर त्यात वाहनांचा प्रवेशही दाखवलेला असतो. थोडं खोदकाम आहे, पण भाड्याने घर घेणाऱ्याने ते करायला हरकत नाही.

दवाखाना, हॉटेल, कार्यालय असेल तर त्या जागेच्या पानावर लोकांनी टाकलेले फोटो असतात. तिथे `Latest` निवडून गेल्या काही महिन्यांतले बघा. बहुतेक जेवणाचे किंवा स्वागतकक्षाचे असतात, पण अधूनमधून कुणीतरी रागाने दाराचा फोटो टाकलेला असतो, "लिफ्ट बंद आहे" म्हणून. तो तुमच्या कामाचा. फक्त लक्षात ठेवा, टाकल्याची तारीख आणि काढल्याची तारीख एकच असेल असं नाही. मॅपमायइंडियाच्या मॅपल्स ॲपमध्ये रिअलव्ह्यू नावाची अशीच सोय आहे. गुगलवर गल्ली नसेल तर तिथे असू शकते, आणि दोन्हींच्या फोटोंची तुलना केली तर अधला मधला बदल पकडता येतो.

शेवटी फोन

आपल्या पौड रस्त्याच्या इमारतीबद्दल इथपर्यंत काय हाताशी आलं? इमारत दक्षिण बाजूला, जिना गल्लीच्या अंगाला, दार कोपऱ्यापासून तिसऱ्या खिडकीच्या पुढे, गल्लीत एक मोटार उभी असताना रिक्षा जेमतेम जाईल इतकी जागा. मुख्य रस्त्याचे फोटो बऱ्यापैकी नवे, गल्लीचे जुने. उपग्रहाच्या फोटोत गच्ची जागच्या जागी. म्हणजे बाजू आणि जिना पक्का, गेट आणि गल्ली संशयित.

जे संशयित राहिलं तेवढंच फोनवर विचारायचं. "तुमचा दवाखाना कुठे आहे?" असं विचारलंत तर रिसेप्शनवरची मुलगी पत्ता वाचून दाखवेल. तिला असं विचारा:

"ताई, आत यायला गल्लीतूनच यावं लागतं ना, मीटरच्या पेटीजवळून? तिथलं गेट दिवसा उघडं असतं का? रिक्षा दारापर्यंत येते की कोपऱ्यावर उतरायचं? आणि लिफ्टला पोचायच्या आधी किती पायऱ्या आहेत?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. या वयाच्या इमारतींत लिफ्ट बऱ्याचदा नंतर बसवलेली असते आणि ती जमिनीपासून सुरू होत नाही. चार-पाच पायऱ्या चढून पहिल्या वळणावर तिचं दार असतं. काही ठिकाणी ती मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबते, म्हणजे उतरल्यावर पुन्हा अर्धा जिना. हे जगातल्या कुठल्याही कॅमेरा गाडीला दिसणार नाही, आणि काठीवाल्या मावशीसाठी बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं हेच आहे. उत्तर "असतील चार-पाच" असं मोघम आलं तर कठडा कुठल्या हाताला आहे तेही विचारा.

काही जागांसाठी स्ट्रीट व्ह्यू मिळणारच नाही. लष्करी भाग, संरक्षण खात्याच्या आणि सरकारी मालमत्ता त्यातून वगळलेल्या आहेत, त्यामुळे पुण्याच्या छावणी भागात निळी रेघ अचानक तुटलेली दिसली तर ॲप बिघडलं असं समजू नका. लहान गावांत आणि सोसायट्यांच्या आतल्या रस्त्यांवरही तेच. अशा ठिकाणी तिथल्या कुणालातरी, वॉचमन असो वा घरमालक, व्हॉट्सॲपवर एक फोटो मागा. पण गेटचा फोटो नको. गेटमध्ये उभं राहून, रस्त्याकडे तोंड करून काढलेला फोटो मागा. गेटं सगळी सारखीच दिसतात. समोरची दुकानं, विजेचा खांब, पलीकडच्या घराचा रंग मात्र त्या एकाच जागेवरून तसे दिसतात, आणि गल्लीत शिरल्यावर ते ओळखायला तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.